सरकारची तूट आणि डॉलरची तूट जोडीनं का येते, आणि कधी येत नाही

प्रश्न: "सरकारची तूट वाढली की व्यापारी तूट पण वाढते असं क्लासमध्ये शिकवलं, S − I = X − M वरून सिद्ध होतं म्हणे. पण सरकार इथेच रस्ते बांधतं, इथल्याच लोकांना पगार देतं, त्याचा आयातीशी संबंध काय? आणि कोविडच्या वर्षी सरकारची तूट भयंकर होती, तरी चालू खात्यावर शिल्लक होती. मग हे समीकरण चुकीचं आहे का?"

समीकरण बरोबर आहे, ते चुकूच शकत नाही, आणि गोची नेमकी तिथेच आहे. जे कधीच चुकू शकत नाही ते एकट्यानं काही सिद्धही करत नाही. मी वीसेक वर्षं एका बँकेच्या इकॉनॉमिक रिसर्चमध्ये काढली, दर तिमाहीला चालू खात्याचा अंदाज बांधायचा हेच काम, आणि नवीन पोरं जॉइन झाली की पहिले सहा महिने याच एका ठिकाणी अडकायची. तर जरा सावकाश जाऊ.

आधी समीकरण पूर्ण लिहून घ्या, सरकार वेगळं काढून:

```
Y = C + I + G + X − M
(S − I) + (T − G) = X − M
```

इथे Y म्हणजे देशाचं उत्पन्न, C लोकांचा खर्च, I गुंतवणूक, G सरकारचा खर्च, X निर्यात, M आयात, S म्हणजे घरं आणि कंपन्या मिळून खासगी बचत, T − G म्हणजे सरकारचं उत्पन्न वजा खर्च. याचा साध्या भाषेत अर्थ एवढाच की देशानं जेवढं कमावलं त्यापेक्षा जास्त वापरलं तर जास्तीचा माल बाहेरूनच आलेला असणार, दुसरीकडून येणार कुठून? देशात 30 रुपये वाचले आणि 34 रुपयांची गुंतवणूक झाली तर वरचे 4 रुपये कुणातरी परदेशी माणसाची बचत आहे. ती बचत आपल्याकडे नोटांच्या रूपात येत नाही, निर्यातीपेक्षा जास्त झालेल्या आयातीच्या रूपात येते, आणि बदल्यात आपले शेअर, बाँड किंवा कर्जाचे कागद त्याच्याकडे जातात.

एक खुलासा इथेच करून टाकतो, कारण यात हमखास गोंधळ होतो. हे समीकरण ज्याच्याशी जुळतं ती चालू खात्याची तूट, नुसती मालाची व्यापारी तूट नाही. 2012-13 मध्ये आपली मालाची तूट जवळपास 196 अब्ज डॉलर होती, पण सॉफ्टवेअर, इतर सेवा आणि आखातातून वगैरे घरी येणारे पैसे धरून निव्वळ 107-108 अब्ज परत आले, म्हणून चालू खात्याची तूट 88 अब्जांच्या आसपास राहिली. टीव्हीवर पहिला आकडा ओरडून सांगतात, हिशेबाला दुसरा लागतो.

आता तुमचा रस्ता. डांबर आणि डिझेल दोन्ही शेवटी आयात केलेल्या कच्च्या तेलातून येतं हे तर सरळच आहे, पण तो मुद्दा मी मुद्दाम बाजूला ठेवतो. समजा रस्त्याला लागणारी प्रत्येक वस्तू देशीच आहे. तरीही, कारखाने आधीच फुल चालू असतील तर त्या रस्त्याला आणि पुलांना लागलेलं स्टील कुणाच्या तरी वाट्याचं गेलं. जो कारखाना एरवी थोडा माल बाहेर विकायचा तो आता इथेच विकणार, म्हणजे निर्यात घटली, किंवा ज्या दुसऱ्या बिल्डरला स्टील मिळालं नाही तो बाहेरून मागवणार, म्हणजे आयात वाढली. रस्त्यावरच्या मजुराच्या हातात पैसे आले, त्यानं मोबाइल घेतला, दुकानदाराचा धंदा वाढला, त्यानं टू-व्हीलर घेतली, तिला पेट्रोल. सरकारनं स्वतः काय विकत घेतलं याला फार महत्त्व नाही, एकूण मागणी देशाच्या कुवतीबाहेर गेली का हे बघायचं.

आणि इथेच "परिस्थितीवर अवलंबून" सुरू होतं. कारखाने निम्मे बंद असतील तर तेच स्टील रिकाम्या भट्टीतून निघेल, उत्पन्न वाढेल, वाढलेल्या उत्पन्नातून बचतही वाढेल, आणि सरकारच्या तुटीचा बराचसा भाग तिथेच भरून निघेल. म्हणून मी या समीकरणाकडे असं बघतो: सरकार तूट करतं म्हणजे बचतीच्या हौदात खड्डा पाडतं. तो खड्डा तीनच जण भरू शकतात. एक, घरं आणि कंपन्या जास्त वाचवतील. दोन, खासगी गुंतवणूक कमी होईल. तीन, परदेशी बचत आत येईल, म्हणजे चालू खात्याची तूट वाढेल. समीकरण फक्त एवढंच सांगतं की तिघांनी मिळून खड्डा पूर्ण भरला पाहिजे. कोण किती भरणार हे ते सांगत नाही, आणि तेच शोधून काढण्याचा आम्हाला पगार मिळायचा.

आपल्याकडची 2008 ते 2013 ची गोष्ट यासाठी सगळ्यात उत्तम, कारण त्या पाच वर्षांत खड्डा भरणारा मधेच बदलला. खालचे आकडे राष्ट्रीय हिशेबाच्या 2004-05 पायाभूत वर्षाच्या जुन्या मालिकेतले आहेत, सगळे जीडीपीच्या टक्क्यात. नव्या मालिकेत पातळी वेगळी दिसेल, दोन मालिका एकत्र कालवू नका.

2007-08 मध्ये देशाची एकूण बचत 36.8 होती, गुंतवणूक 38.1, फरक 1.3. तेवढीच चालू खात्याची तूट. बचतीत घरांचा वाटा 22.4, कंपन्यांचा 9.4 आणि सरकारी क्षेत्राचा 5.0. हो, सरकारी क्षेत्र पाच टक्के बचत करत होतं, कारण केंद्राची वित्तीय तूट अडीच टक्क्यांवर आली होती आणि सरकारी कंपन्या नफ्यात होत्या. (सरकारी बचत आणि वित्तीय तूट या वेगळ्या गोष्टी आहेत, वित्तीय तुटीत सरकारची गुंतवणूकही धरलेली असते. म्हणून एकाच वेळी बचतही असू शकते आणि तूटही.)

मग एकामागून एक सगळं आलं. शेतकरी कर्जमाफी, सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी, तेल आणि खतांचं अनुदान, आणि अमेरिकेतली लेहमन बँक बुडाल्यावर डिसेंबर 2008 मध्ये एक्साइजमध्ये सरसकट कपात. केंद्राची तूट दोन वर्षांत अडीचवरून साडेसहावर गेली. 2009-10 मध्ये सरकारी क्षेत्राची बचत 5.0 वरून 0.2 वर, म्हणजे जवळपास पाच टक्क्यांचा खड्डा.

पाठ केलेला नियम लावला तर चालू खात्याची तूट 1.3 वरून सहाच्या वर जायला हवी होती. गेली किती? 2.8 वर. कारण जगात मंदी होती, लोक घाबरले होते, वेतन आयोगाची थकबाकी हातात आली ती बऱ्याच जणांनी सरळ एफडीत टाकली, आणि घरांची बचत 22.4 वरून 25.2 झाली. म्हणजे खड्ड्यातला अर्ध्याहून जास्त भाग घरांनीच भरला. गुंतवणूक दीडेक टक्क्यानं उतरली, तिनं थोडा भरला. कंपन्यांचीही बचत एक टक्क्यानं घटली, म्हणजे खड्डा थोडा मोठाच झाला. बाकी राहिला दीड टक्का, तो परदेशातून आला. बेरीज करून बघा, जुळते.

आता पुढचा भाग, जो पुस्तकात सहसा नसतो. 2009-10 ते 2012-13 या काळात सरकारी बचत आणखी घसरली नाही, उलट 0.2 वरून 1.2 झाली. गुंतवणूकही 36.5 वरून 34.8 वर आली. या दोन्हीमुळे चालू खातं सुधारायला हवं. पण तूट 2.8 वरून 4.7 झाली, तोवरची आपल्याकडची सगळ्यात मोठी. का? घरांनी हात काढून घेतला. त्यांची बचत 25.2 वरून 21.9 वर आली, कंपन्यांचीही एक टक्क्याहून जास्त घटली. सरकारनं पाडलेला खड्डा तसाच होता, तो बुजवणारा माणूस फावडं टाकून निघून गेला.

आणि हा माणूस का निघून गेला हे मी माझ्याच बिल्डिंगमध्ये बघितलं. 2012 च्या दिवाळीआधी आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंची दोन लाखांची एफडी मॅच्युअर झाली. बँक साधारण नऊ टक्के देत होती, महागाई दहाच्या घरात, वरून व्याजावर टॅक्स. काकू मला म्हणाल्या, "अरे, तुझ्या बँकेत पैसे ठेवले की कमीच होतात, सोनं तरी वाढतंय." आणि त्यांचं काही चुकत नव्हतं! तोळ्याचा भाव एकतीस हजारांच्या आसपास होता, त्यांनी सहा-साडेसहा तोळे घेतलं.

आता त्या दोन लाखांचा माग काढा. एफडीत होते तेव्हा बँक त्यातले काही सरकारी रोख्यांत टाकत होती (एसएलआर नावाच्या नियमामुळे टाकावेच लागतात), काही एखाद्या कारखान्याला देत होती. म्हणजे सरकारचा खड्डा काकूच भरत होत्या, त्यांना माहीत नव्हतं इतकंच. एफडी मोडून सोनं घेतल्यावर सराफाला तेवढं सोनं परत भरायचं, ते आपल्याकडे खाणीतून फारसं निघत नाही, ते बहुतांशी स्वित्झर्लंडच्या रिफायनऱ्यांतून येतं, त्यासाठी डॉलर घ्यायचे. सरकारी रोखे मात्र तेवढेच विकायचे आहेत, कारखान्यालाही कर्ज हवंच आहे. देशाला आता ते दोन लाख बाहेरून आणावे लागले, शिवाय सोन्याचं बिल दिसलं आयातीत. 2012-13 मध्ये अशी सोन्याची आयात जवळपास 54 अब्ज डॉलर झाली, जीडीपीच्या तीनेक टक्के. घरांची निव्वळ आर्थिक बचत, म्हणजे एफडी, विमा, पीएफ वगैरे वजा कर्जं, बारा टक्क्यांवरून सातवर आली.

मजा अशी की आपल्या राष्ट्रीय हिशेबात सोनं हे "मौल्यवान वस्तू" म्हणून गुंतवणुकीत धरतात. त्यामुळे वरच्या 34.8 मध्ये काकूंचे साडेसहा तोळेही आहेत. कागदावर गुंतवणूक ठीक दिसत होती आणि आम्ही सुरुवातीला फसलो, अहवालात लिहून बसलो की तूट आहे पण ती गुंतवणुकीसाठी आहे, काळजी नको. बॉसनं बोलावून विचारलं, कपाटातल्या बांगड्या कोणतं उत्पादन काढणार आहेत? तेव्हापासून मी मौल्यवान वस्तू वजा करूनच गुंतवणुकीकडे बघतो.

मग यात सरकारचा दोष किती? माझं मत असं की बराच, पण आडवळणानं. मंदी संपल्यावरही तूट मागे घेतली नाही, 2011-12 मध्ये ती पुन्हा सहाच्या जवळ गेली, कारखान्यांत आता रिकामी जागा नव्हती, महागाई चढली आणि महागाईनं घरांना बँकेतून हाकललं. पण सगळं खापर तुटीवर फोडता येत नाही, आणि इथे अभ्यास करणाऱ्यांची दुसरी चूक होते. दोन्ही तुटी एकत्र वाढल्या म्हणजे एकीनं दुसरीला वाढवलं असं नाही. कधी दोघींचा बाप एकच असतो. त्या काळात तो होता तेल.

कच्चं तेल पिंपाला 110 डॉलरच्या आसपास होतं, आणि डिझेल सरकारनं ठरवलेल्या भावानं खर्चापेक्षा कमी किमतीत विकलं जात होतं. 2012-13 मध्ये तेल कंपन्यांची एकूण भावातली तूट 1.61 लाख कोटी रुपये झाली, त्यात एकट्या डिझेलचे 92 हजार कोटी. त्यातला मोठा भाग सरकारला भरून द्यावा लागला. तेल महागलं की आयातीचं बिलही फुगतं आणि अनुदानाचं बिलही, एकाच कारणानं. वर स्वस्त डिझेलमुळे लोक पेट्रोल सोडून डिझेलच्या गाड्या घेऊ लागले, मॉल आणि मोबाइल टॉवरांचे जनरेटर डिझेलवर धडधडत होते, म्हणजे अनुदानानं मागणीही वाढवली. या एका ठिकाणी मात्र सरकारी खर्च आणि आयात यांचं नातं थेट होतं. म्हणून जानेवारी 2013 पासून डिझेल महिन्याला 40-50 पैशांनी वाढवायला सुरुवात झाली तेव्हा आमच्या रूममध्ये अर्थसंकल्पापेक्षा त्या पन्नास पैशांकडे जास्त लक्ष होतं.

पुस्तकात जे व्याजदराचं गणित असतं, की सरकार कर्ज काढतं, व्याजदर चढतो, परदेशी पैसा येतो, चलन महाग होतं, निर्यात मरते, ते खोटं नाही, ते मुळात अमेरिकेचं 1980 च्या दशकातलं आहे. रेगनची करकपात आणि संरक्षण खर्च एकीकडे, तिथल्या मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे फेडचे, प्रमुख व्होल्कर यांचे चढे व्याजदर दुसरीकडे, डॉलर इतका वधारला की सप्टेंबर 1985 मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांनी बसून तो खाली आणायचं ठरवलं. पण ते चालायला परदेशी पैशाला दार सताड उघडं लागतं. आपल्याकडे सरकारी रोख्यांत परदेशी गुंतवणुकीवर तेव्हा मर्यादा होती, त्यामुळे ती वाट अरुंद. आणि 2011-13 मध्ये रुपया वधारला नाही, पडलाच. ऑगस्ट 2013 मध्ये तर डॉलर 68 च्या वर गेला, अमेरिकेत फेड रोखे खरेदी कमी करणार एवढ्या चर्चेनंच. तूट वाढताना चलन वधारलं की पडलं, हे बघितलं तर कोणती वाट चालू आहे ते बरंचसं कळतं. वधारलं तर पैसा आपणहून आत येतोय, पडलं तर आपण तो ओढून आणतोय.

आता तुमचं कोविडचं वर्ष, ते या चौकटीत आपोआप बसतं. 2020-21 मध्ये केंद्राची तूट जीडीपीच्या 9.2 टक्के, आणि चालू खात्यावर 0.9 टक्के शिल्लक, साधारण 24 अब्ज डॉलर. खड्डा एवढा मोठा असून परदेशाची गरजच पडली नाही, कारण बाकीच्या दोघांनी तो भरून वर मातीचा ढीग केला. लोक घरात कोंडलेले, हॉटेल नाही, प्रवास नाही, लग्नं पन्नास माणसांत, घरांची निव्वळ आर्थिक बचत साडेअकरा टक्क्यांच्या आसपास गेली. खासगी गुंतवणूक थंड. वरून तेल स्वस्त. 2009-10 चीच गोष्ट, फक्त कितीतरी मोठी. बचत भीतीपोटी आणि नाइलाजानं झालेली होती, त्यामुळे ती टिकणार नाही हे दिसत होतं, आणि दार उघडल्यावर 2022-23 मध्ये ती पाच टक्क्यांच्या जवळ आली आणि चालू खातं परत दोन टक्के तुटीत गेलं. जपानमध्ये मात्र सरकारची तूट वर्षानुवर्षं असूनही चालू खात्यावर शिल्लक राहते, कारण तिथल्या कंपन्या आणि घरं मिळून तो खड्डा सवयीनंच भरत आली आहेत.

तुम्हाला परीक्षेत किंवा कामात एखादा देश दिला तर मी ज्या क्रमानं बघतो तो सांगतो. आधी सरकारी बचत किती बदलली ते बघा, आणि त्यात फसवणूक तपासा: सरकारी कंपनीचे शेअर विकून तूट कमी दाखवली असेल तर बचत एक पैशानं वाढलेली नसते, आणि अनुदानाचं ओझं तेल कंपनी किंवा अन्न महामंडळाच्या डोक्यावर ढकललं असेल तर खड्डा तेवढाच राहतो, फक्त झाकलेला. राज्यांच्या तुटी विसरू नका. मग घरांची आर्थिक बचत. मग गुंतवणूक, सोनं वजा करून. चालू खातं सगळ्यात शेवटी. उलट्या क्रमानं गेलात तर प्रत्येक वेळी सरकारच गुन्हेगार दिसेल.

एक आतली गोष्ट सांगायची राहिली. आपल्याकडे बचत, गुंतवणूक आणि चालू खातं यांचा मेळ इतका अचूक बसतो याचं कारण एकूण गुंतवणूक ही बचत अधिक बाहेरून आलेला निव्वळ पैसा अशीच काढली जाते. यंत्रं, इमारती, साठे असे मोजून जी गुंतवणूक येते तिच्याशी तो आकडा जुळत नाही, आणि जो फरक उरतो तो "चुका आणि गाळलेल्या बाबी" या ओळीत टाकतात. त्यामुळे "बघा, आकडे समीकरणाला दुजोरा देतात" असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या, दुजोरा आधीच घालून दिलेला असतो.

आणि 2013 मध्ये हे सुटलं कसं तेही बघा. 2013-14 मध्ये चालू खात्याची तूट 88 अब्जांवरून 32 अब्जांवर आली, जीडीपीच्या 1.7 टक्के. केंद्राची वित्तीय तूट मात्र अर्ध्या टक्क्यानंच कमी झाली होती. सोन्यावरचं आयात शुल्क 2012 च्या सुरुवातीला दोन टक्के होतं ते ऑगस्ट 2013 पर्यंत दहा झालं, वर आयात केलेल्या सोन्यातलं वीस टक्के निर्यातीसाठीच ठेवायची अट, आणि सोन्याचं बिल जवळपास निम्म्यावर आलं. बाकीची सुधारणा बरीचशी गुंतवणूक मंदावल्यामुळे झाली. सोन्याचा आकडा मात्र मी तेव्हाही जपूनच वापरायचो, कारण विमानतळांवर बुटाच्या तळव्यात, शिलाई मशीनच्या आत, पोटातसुद्धा सोनं सापडल्याच्या बातम्या रोज येत होत्या, आणि ते सोनं काकूंसारख्या कुणाच्या तरी कपाटात गेलं तरी आमच्या तक्त्यात कुठेच येत नव्हतं.